एजंट बदलताना : अधिकार कोठे संपतो आणि फाईल कोणाची
(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजचा विषय दिसायला अगदी छोटा आहे. पेटंटचा किंवा ट्रेडमार्कचा अर्ज सरकारी कार्यालयात प्रलंबित आहे. तो एका एजंटामार्फत दाखल झाला आहे आणि अर्जदाराला आता त्या एजंटाकडून काम काढून घ्यायचे आहे. फाईल दुसऱ्याकडे द्यायची किंवा स्वतःच्या हातात घ्यायची आहे. एक पत्र लिहिले की झाले, असे बहुतेकांना वाटते. माझे म्हणणे असे आहे की ते पत्र लिहिण्याचा हक्क तुम्हाला निर्विवाद आहे, त्याबद्दल वाद घालण्यात वेळ दवडू नये. खरा प्रश्न क्रमाचा आहे. एजंटाचा अधिकार एका क्षणी, एका जागी संपत नाही. तो एजंटापुरता एका दिवशी संपतो आणि कार्यालयापुरता दुसऱ्या दिवशी. या दोन दिवसांच्या मधल्या फटीत अर्ज मरतात. म्हणून "काम थांबवा" हे पत्र पहिले नव्हे, तर शेवटचे पाऊल असले पाहिजे. एवढाच एक मुद्दा मी आज मांडणार आहे आणि त्यावर येणाऱ्या हरकतींना उत्तरे देणार आहे.

या प्रश्नावर शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत का बोलायचे? शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे, आणि यवत-केडगाव पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत. मोठ्या कंपन्यांना स्वतःचे कायदा विभाग असतात, त्यांना हे व्याख्यान नको. पण त्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा छोटा कारखानदार किंवा गुळाची पावडर पाकिटात भरून स्वतःच्या नावाने विकणारा गुऱ्हाळमालक यांचे बौद्धिक संपदेचे काम बहुधा हिशेब पाहणाऱ्या माणसाच्या ओळखीतून पुण्या-मुंबईच्या कोणा एजंटाकडे जाते. महाराष्ट्रातील पेटंट आणि ट्रेडमार्क या दोन्हींचे काम मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातून चालते. शिरूरहून किंवा दौंडहून तिथे सहसा कोणी जात नाही. अर्जदार आणि कार्यालय यांच्यामध्ये जो उभा असतो, त्याच्या डोळ्यांनीच अर्जदार आपला अर्ज पाहतो. तो मध्यस्थ बदलायचा म्हणजे काय करायचे, हे म्हणूनच नीट समजून घ्यावे लागते.

आधी कायद्याचा पाया पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. एजंट आणि अर्जदार यांचे नाते भारतीय करार कायदा, १८७२ मधील अभिकरणाच्या प्रकरणाने नियंत्रित होते. कलम २०१ नुसार मालक आपण दिलेला अधिकार मागे घेऊ शकतो आणि तेवढ्याने अभिकरण संपते. कलम २०६ रास्त सूचना द्यायला सांगते, ती न दिल्यास होणारे नुकसान भरून द्यावे लागते. कलम २०४ सांगते की जे काम आधीच झाले आहे, त्यातून निघणाऱ्या बंधनांपुरता अधिकार मागे घेता येत नाही. म्हणजे झालेल्या कामाची फी बुडत नाही. आणि कलम २०८ मध्ये आपल्या विषयाचा गाभा आहे. अधिकार संपल्याचा परिणाम एजंटापुरता तेव्हा होतो जेव्हा ते एजंटाला कळते, आणि तिऱ्हाइतापुरता तेव्हा, जेव्हा ते तिऱ्हाइताला कळते. पेटंट कार्यालय आणि ट्रेडमार्क नोंदणी कार्यालय हे या नात्यातले तिऱ्हाईत आहेत. तुमच्या पत्राची बातमी त्यांना आपोआप जात नाही.

याला जोडून त्या दोन कार्यालयांचे स्वतःचे नियम वाचले की धोका स्पष्ट दिसतो. पेटंट नियम, २००३ मधील नियम १३५ सांगतो की एजंटाला फॉर्म २६ मध्ये किंवा मुखत्यारपत्राने अधिकार द्यावा, आणि एकदा तो दिला की एजंटावर बजावलेला कागद हा अर्जदारावर बजावलेला मानला जाईल. ट्रेडमार्क नियम, २०१७ मधील नियम १९ नेमके हेच सांगतो. तिथे अधिकारपत्र टीएम-एम या फॉर्मवर दाखल होते. 'मानला जाईल' हे शब्द कार्यालयाच्या सोयीचे आहेत आणि त्यांना कारण आहे. प्रत्येक अर्जात दोन-दोन माणसांना गाठत बसले तर कारभार चालणार नाही. पण त्यांचा परिणाम अर्जदाराने ओळखला पाहिजे. नोंदीवर जोवर जुन्या एजंटाचे नाव आहे, तोवर त्याच्या ईमेलवर आलेली नोटीस तुम्हालाच मिळाली, असे कायदा समजतो. तुम्ही त्याला काम थांबवायला सांगितलेले असो वा नसो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. ते रचलेले आहे, पण त्यातल्या मुदती खऱ्या आहेत. दौंड तालुक्यातला एक गुऱ्हाळमालक आहे. चुलाणात चिपाड कमी जळावे आणि काहिलीला उष्णता सारखी लागावी म्हणून त्याने चुलाणाच्या हवेच्या मार्गात बदल केला. त्यावर ३ जून २०२४ रोजी त्याच्या एजंटाने तात्पुरत्या विनिर्देशासह पेटंटचा अर्ज दाखल केला. त्याच एजंटाने गुळाच्या पावडरच्या नावासाठी वर्ग ३० मध्ये ट्रेडमार्कचाही अर्ज केला. तो अर्ज तपासणीतून पार होऊन ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आहे. एजंट फोन उचलेनासा झाला, म्हणून मालकाने ५ मार्च २०२५ रोजी त्याला पत्र पाठवले: आजपासून माझ्या वतीने काहीही करू नये, सर्व कागद परत करावेत. एजंटाला पत्र मिळाले. मालकाने कार्यालयाला काही कळवले नाही. त्याला वाटले, नवा एजंट सावकाश शोधू.

१२ मार्चला एका स्पर्धकाने त्या नावाला घेतलेल्या विरोधाची नोटीस जुन्या एजंटाच्या ईमेलवर आली. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २१ नुसार अशी नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन दाखल करावे लागते. ते न केल्यास अर्ज सोडून दिला असे मानले जाते. हे दोन महिने कायद्याच्या कलमातच लिहिलेले असल्याने निबंधकाला ते वाढवता येत नाहीत. नियम १९ प्रमाणे नोटीस मालकाला १२ मार्चलाच मिळाली. मुदत १२ मे रोजी संपली. एजंटाला विचारले तर त्याचे उत्तर तयार आहे: मला थांबायला सांगितले होते, मी थांबलो. हे उत्तर मनाला पटत नसले तरी त्याला आधार नाही असे म्हणता येत नाही, कारण पत्रात 'काहीही करू नये' असेच लिहिले होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात सांगितले की मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजायची, नुसता ईमेल पाठवला म्हणून नव्हे. पण आपल्या मालकाला त्याचा उपयोग कमी, कारण इथे ईमेल खरोखर मिळाला होता, फक्त चुकीच्या माणसाला.

पेटंटच्या अर्जाचे काय? तिथे धोका निराळा आणि अधिक खोल आहे. तात्पुरत्या विनिर्देशासह केलेल्या अर्जात बारा महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देश दाखल करावा लागतो, पेटंट कायद्याचे कलम ९ तसे सांगते. आपल्या उदाहरणात ती तारीख ३ जून २०२५. ती चुकली तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते आणि ३ जून २०२४ ही अग्रक्रमाची तारीख हातातून जाते. परदेशात अर्ज करायचा विचार असेल तर त्याचेही बारा महिने त्याच तारखेपासून मोजले जातात. त्यात भर म्हणजे पेटंटचा अर्ज अठरा महिने प्रसिद्ध होत नाही. ट्रेडमार्कची स्थिती कोणीही कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून पाहू शकतो आणि दाखल झालेले कागदही उघडू शकतो. अप्रकाशित पेटंट अर्जाचा मजकूर मात्र तसा उघडता येत नाही. ऑनलाइन दाखल करणे एजंटावर बंधनकारक आहे आणि ते त्याच्या स्वतःच्या खात्यातून, त्याच्या डिजिटल स्वाक्षरीने होते. म्हणजे या टप्प्यावर अर्जात नेमके काय लिहिले आहे, हे कार्यालयाला आणि एजंटालाच ठाऊक असते. नव्या एजंटाने तो तात्पुरता विनिर्देश न वाचता पूर्ण विनिर्देश लिहिला आणि दोन्हींतला शोध जुळला नाही, तर अग्रक्रमाची तारीख त्या भागाला मिळत नाही. फाईल हातात येण्याचे खरे महत्त्व इथे आहे.

या उदाहरणावरून क्रम निघतो. पहिले पाऊल एजंटाला पत्र लिहिण्याचे नाही, पाहण्याचे आहे. नोंदीवर एजंट म्हणून कोणाचे नाव आहे? बऱ्याचदा ज्याच्याशी बोलणे चालते तो कन्सल्टंट किंवा हिशेबनीस असतो, आणि नोंदीवर मुंबईतल्या कोणा दुसऱ्याचे नाव असते. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे अर्जदाराच्या वतीने वकील, नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंट किंवा अर्जदाराच्या पूर्णवेळ नोकरीतला माणूस काम करू शकतो. नुसता सनदी लेखापाल या यादीत बसत नाही. पेटंटमध्ये नियंत्रकाच्या नोंदवहीतला पेटंट एजंट लागतो. म्हणून पत्र दोघांनाही जायला हवे, ज्याला पैसे दिले त्यालाही आणि ज्याचे नाव नोंदीवर आहे त्यालाही. त्याच वेळी आणखी एक गोष्ट पाहावी: नोंदीवरच्या माणसाचे नाव एजंट म्हणूनच आहे, की सहअर्जदार म्हणूनही? फीच्या बदल्यात हिस्सा लिहून दिलेला असेल तर करार कायद्याचे कलम २०२ आडवे येते. ज्या एजंटाचा त्या मालमत्तेतच हितसंबंध आहे, त्याचा अधिकार त्या हिताला धक्का लावून संपवता येत नाही. फी थकलेली असणे मात्र असा हितसंबंध नव्हे. तिसरी पाहायची गोष्ट म्हणजे पुढची मुदत. प्रत्येक अर्जाची पुढची तारीख कागदावर लिहून काढावी आणि तिच्या आधी किमान महिनाभर हातात असेल असाच दिवस एजंट बदलण्यासाठी निवडावा. तेवढा अवधी नसेल तर जुन्या एजंटाकडूनच ते एक काम करून घ्यावे आणि मग त्याला बदलावे. पेटंटच्या पहिल्या तपासणी अहवालाला उत्तर देण्याची मुदत सहा महिन्यांची असते आणि मुदत संपण्याआधी मागितल्यास ती तीन महिन्यांनी वाढते. ट्रेडमार्कच्या तपासणी अहवालाला तीसच दिवस असतात. दोन्ही ठिकाणी एकाच वेगाने चालणे चूक ठरेल.

दुसरे पाऊल नव्या अधिकारपत्राचे. इथे फॉर्म २६ चे शब्द लक्ष देऊन वाचावेत, कारण काम त्या शब्दांनीच होते. त्या फॉर्ममध्ये अर्जदार सांगतो की याच बाबीत आधी दिलेली सर्व अधिकारपत्रे मी रद्द करीत आहे. म्हणजे नव्या एजंटाचा फॉर्म दाखल झाला की जुन्याचा अधिकार रद्द झाल्याचे कार्यालयाला त्याच कागदाने कळते. नेमणूक आणि रद्दबातलता एकाच दिवशी, एकाच पानावर. फट राहत नाही. ट्रेडमार्कच्या अधिकारपत्रातही हे वाक्य स्पष्ट घालावे आणि त्यासोबत पत्रव्यवहाराचा पत्ता व ईमेल बदलण्याची विनंती करावी. एकच अधिकारपत्र अनेक अर्जांसाठी असेल तर प्रत्येक अर्जाचा क्रमांक त्यात लिहावा. क्रमांक सुटला तर तो अर्ज जुन्याच नावावर राहतो, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. भागीदारी असेल तर सर्व भागीदारांच्या किंवा अधिकृत भागीदाराच्या, कंपनी असेल तर अधिकृत संचालकाच्या सह्या घ्याव्यात. अर्धवट सहीचे अधिकारपत्र आक्षेपात अडकते आणि तेवढे दिवस जुने नाव नोंदीवरच राहते. नवे नाव नोंदीवर चढले का, हे संकेतस्थळावर पाहून खात्री करेपर्यंत हे पाऊल पुरे झाले असे समजू नये. नवा एजंट नको असेल, स्वतःच काम पाहायचे असेल, तर भारतातल्या अर्जदाराला तसे करता येते. मात्र अधिकार रद्द केल्याचे आणि स्वतःचा पत्ता, ईमेल कार्यालयाला लेखी कळवावे लागते. ट्रेडमार्कच्या ज्या अर्जात भारतातील व्यवसायाचे मुख्य ठिकाण दिलेले नाही, तिथे अधिकार रद्द झाल्यापासून दोन महिन्यांत भारतातला पत्ता द्यावाच लागतो, नाहीतर अर्ज सोडल्याचे मानले जाते, हेही नियम १९ मध्येच आहे.

तिसरे पाऊल म्हणजे जुन्या एजंटाला पत्र. त्यात दोन आज्ञा हव्यात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या हव्यात. पहिली, नवे काही दाखल करू नये, अर्ज मागे घेऊ नये, सुनावणीला उभे राहू नये. दुसरी, आलेले पुढे पाठवत राहावे. पत्राचा गाभा असा असावा: "खाली क्रमांक दिलेल्या अर्जांमध्ये मी आपणास दिलेला अधिकार आजपासून मागे घेत आहे. आपण माझ्या वतीने कोणताही कागद दाखल करू नये व कोणतेही निवेदन करू नये. मात्र कार्यालयाच्या नोंदीवर आपले नाव किंवा ईमेल असेपर्यंत आपणास मिळणारा प्रत्येक पत्रव्यवहार मिळाल्याच्या दिवशीच खालील ईमेलवर पाठवावा. या सर्व अर्जांतील पुढील मुदतींची यादी सात दिवसांत लेखी कळवावी." आपल्या गुऱ्हाळमालकाच्या पत्रात ही तिसरी आणि चौथी वाक्ये असती, तर १२ मार्चची नोटीस त्याच्याकडे आली असती, किंवा निदान एजंटाला 'मला थांबायला सांगितले होते' असे म्हणता आले नसते. पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह टपालाने असे दोन्ही मार्गांनी पाठवावे, कारण कलम २०८ प्रमाणे त्याला कळल्याची तारीख हीच त्याच्यापुरती अधिकार संपण्याची तारीख असते आणि ती सिद्ध करण्याची वेळ येऊ शकते.

पत्रात 'फाईल परत द्या' एवढेच लिहिले तर बहुधा छापील पीडीएफचा गठ्ठा येतो आणि त्यातले अर्धे संकेतस्थळावर आधीच असते. मागायचे ते जे दुसरीकडे मिळत नाही. पेटंटमध्ये विनिर्देशाची संपादन करता येईल अशी वर्ड फाईल, आकृत्यांच्या मूळ फाईली, दाखल केल्याच्या पावत्या, अर्जाचा हक्क तुमच्याकडे आल्याचा सहीचा मूळ कागद, आणि परदेशात अर्ज केले असतील तर त्यांचे क्रमांक व तिथल्या एजंटांचे पत्ते. ट्रेडमार्कमध्ये नाव कधीपासून वापरात आहे हे सांगणारे शपथपत्र, त्याला जोडलेली जुनी बिले व जाहिराती, बोधचिन्हाची मूळ फाईल, आणि विरोधी पक्षाशी झालेला पत्रव्यवहार. प्रकाशित न झालेल्या पेटंट अर्जाबाबत गोपनीयतेची आठवणही द्यावी. अधिकार संपला तरी विश्वासाने मिळालेली माहिती उघड करण्याची मुभा मिळत नाही.

आता हरकती. पहिली आणि सर्वांत जोराची हरकत एजंटांची आहे: फी थकली आहे, ती मिळेपर्यंत फाईल देणार नाही. ही हरकत पोकळ नाही. करार कायद्याचे कलम २२१ एजंटाला सांगते की उलट करार नसेल तर मालकाकडून मिळालेले कागद व वस्तू, त्या कामातली फी आणि खर्च मिळेपर्यंत तो अडकवून ठेवू शकतो. दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा हा निकाल आहे. मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेने आपल्या कायदा सल्लागार वकिलाची नेमणूक १९९३ मध्ये संपवून फाईली मागितल्या. वकिलाने ९७,१०० रुपयांची थकबाकी सांगून त्या दिल्या नाहीत. वकिलाला पक्षकाराच्या फाईलींवर असा अडकवण्याचा हक्क नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याचे कारण आपल्यालाही महत्त्वाचे आहे: फाईल अडकली तर पक्षकाराचा वकील बदलण्याचा हक्कच निरर्थक होतो. फी वसूल करायला कायद्याचे दुसरे मार्ग आहेत. न्यायालयाचा निर्णय वकिलाबद्दलचा आणि मुख्यतः करार कायद्याच्या कलम १७१ वरचा आहे. वकील नसलेल्या पेटंट एजंटावर तो जसाच्या तसा लावता येईल असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण तीन गोष्टी निश्चित सांगता येतात. कलम २२१ 'मालकाकडून मिळालेल्या' कागदांबद्दल बोलते, कार्यालयातल्या नोंदीबद्दल नाही. त्यामुळे थकबाकी कितीही असली तरी नवा फॉर्म २६ अडत नाही, कार्यालय थकबाकी विचारत नाही. मुदतीची तारीख कळवणे म्हणजे मालमत्ता परत देणे नव्हे, ती तारीख दडवायला अडकवण्याच्या हक्काचा आधार घेता येत नाही. आणि कलम स्वतःच म्हणते की उलट करार असेल तर हा हक्क नाही, म्हणून हा सारा वाद नेमणुकीच्या दिवशी एका वाक्यात मिटवता येतो. थकबाकी खरी असेल तर ती द्यावी. वाद असेल तर मान्य असलेली रक्कम द्यावी आणि उरलेल्याबद्दल हक्क राखून ठेवून फाईल मागावी. मुदत जवळ असताना काही हजारांसाठी अग्रक्रमाची तारीख घालवणे हा हिशेब कोणत्याच बाजूने जमत नाही.

दुसरी हरकत 'एनओसी'ची. जुन्या एजंटाची ना-हरकत मिळाल्याशिवाय नवा एजंट काम घेत नाही, असे सांगितले जाते. ही प्रथा न्यायालयातून आली आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकीलपत्र आधीच दाखल असेल तर नव्या वकिलाने जुन्याची संमती घ्यावी, ती नसेल तर न्यायालयाची परवानगी मागावी. पेटंट किंवा ट्रेडमार्क नियमांत एजंट बदलण्यासाठी अशी संमतीची अट नाही. फॉर्म २६ मधील रद्दबातलतेचे वाक्य एकतर्फी आहे आणि ते तसेच असायला हवे. नवा एजंट वकील असेल तर व्यवसायाचा शिष्टाचार म्हणून तो जुन्याला कळवील, तो त्याच्या सभ्यतेचा भाग. पण जुन्या एजंटाच्या मौनाला नकाराचा दर्जा देऊ नये. नवा एजंट 'एनओसी आणा, मग पाहू' म्हणून दोन महिने थांबला, तर तो धोका तुमचा आहे, त्याचा नाही.

तिसरी हरकत अशी येते की एवढी काळजी कशाला, एजंटाची चूक असेल तर न्यायालय अर्ज परत उभा करते. हे अर्धे खरे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये युरोपीय संघाचे, एजंटाने तपासणी अहवालाला उत्तर न दिल्याने सोडून दिल्याचे मानलेले पेटंट अर्ज पुन्हा सुरू केले. २०२४ मध्ये एका शिलाई यंत्राच्या शोधाबाबत त्याच न्यायालयाने अर्जदाराला दिलासा दिला, एजंटाच्या वागण्याची चौकशी सुचवली आणि एजंटांसाठी आचारसंहितेचा प्रश्न ऐरणीवर आणला. पण या प्रकरणांत न्यायालयाने पाहिले ते अर्जदाराला खरोखर अर्ज सोडायचा होता का, हे. त्याचा पुरावा म्हणजे पाठपुराव्याचे ईमेल आणि तारखा. ज्याने तोंडी विचारले आणि कागद ठेवला नाही, त्याच्याजवळ हा पुरावा नसतो. शिवाय हा दिलासा रिट अर्जाने मिळतो. त्याला महिने आणि वकिलाची फी लागते, आणि कलम ९ च्या बारा महिन्यांसारख्या मुदतीत तो मिळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिक्षा करण्याचा मार्ग आहेच. पेटंट कायद्याच्या कलम १३० नुसार व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झाल्यास नियंत्रक एजंटाचे नाव नोंदवहीतून काढू शकतो. पण एजंटाचे नाव गेल्याने तुमचा अर्ज परत येत नाही. अमेरिकेत पेटंट कार्यालयाच्या आचारनियमांनीच प्रतिनिधीला बांधले आहे की काम संपताच पक्षकाराच्या हक्काचे कागद सुपूर्द करावेत आणि न केलेल्या कामाची आगाऊ फी परत करावी. आपल्या कायद्यात इतक्या स्पष्ट शब्दांत हे लिहिलेले नाही, म्हणून आपल्याला ते करारात लिहून घ्यावे लागते.

यातून सुधारणेची एक मागणीही निघते आणि ती अवास्तव नाही. एजंटावर बजावणे म्हणजे अर्जदारावर बजावणे, हा नियम राहू द्या. पण प्रत्येक नोटिशीची प्रत अर्जदाराच्या स्वतःच्या ईमेलवरही गेलीच पाहिजे असे नियमात लिहावे. कागदी टपालाच्या काळात दुहेरी पाठवण्याचा खर्च हे कारण चालत होते, आता ते उरलेले नाही. तोपर्यंत अर्जदाराने एवढे करावे: अर्जात स्वतःचा ईमेल द्यावा, एजंटाने त्या जागी आपलाच ईमेल भरला असेल तर तो बदलून घ्यावा, आणि महिन्यातून एकदा अर्ज क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहावा. ट्रेडमार्कच्या बाबतीत आपल्या गुऱ्हाळमालकाने एप्रिलच्या सुरुवातीला हे एकदा केले असते तर विरोधाची नोंद त्याला स्वतःला दिसली असती आणि हातात महिनाभर शिल्लक राहिला असता.

शेवटी नेमणुकीच्या दिवसाकडे यावे लागते, कारण एजंट बदलण्याची तयारी त्याच दिवशी होते. नेमणुकीच्या पत्रात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. प्रत्येक दाखल कागदाची संपादनयोग्य प्रत सात दिवसांत अर्जदाराला मिळेल. प्रत्येक मुदत लेखी कळवली जाईल. अधिकार मागे घेतल्यावरही नोंदीवरचे नाव बदलेपर्यंत येणारा पत्रव्यवहार पुढे पाठवला जाईल. आणि थकबाकीसाठी कागद अडकवले जाणार नाहीत, थकबाकीची वसुली वेगळ्या मार्गाने होईल. चांगल्या एजंटाला यातले काहीच जड वाटणार नाही, कारण तो हे करारात नसतानाही करतो. ज्याला चौथे वाक्य जड वाटते, त्याच्याकडे अर्ज सोपवायचा की नाही, हे तुम्ही सही करण्याआधी ठरवू शकता, आणि तेव्हा कोणतीही मुदत चालू झालेली नसते.